भरलेला सिलिंडर, रिकामा सिलिंडर

गेल्या रविवारी घरी गेले होते. सकाळी चहा उकळत असतानाच गॅस संपला. (आमच्याकडचा गॅस नेहमी पाहुणे आल्यावरच संपतो, आता मीही पाहुण्यांत जमा झाले आहे असं दिसतं.) बाबा पेपर बाजूला ठेवून उठले. "मी आणते" म्हणेपर्यंत ते गॅलरीत पोचलेसुद्धा. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभी राहिले आणि जुन्या सवयीने मनातल्या मनात फ्रेम मोजायला लागले.

ही सवय कुठून आली ते सांगायचं तर जरा लांबून सुरुवात करावी लागेल. थेट १९२८ पासून.

पण आधी सिलिंडरबद्दल, कारण माझा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि नुसत्या लोखंडाचं वजन साधारण तेवढंच, पंधरा-सोळा किलो. म्हणजे भरलेला तीसच्या आसपास आणि रिकामा त्याच्या निम्मा. दिसायला दोन्ही अगदी सारखे, तोच लाल रंग, तेच पोचे. तरीही गॅसवाला जिन्यातून येताना दिसला की तो भरलेला आणतोय की रिकामा नेतोय हे तुम्हाला लांबूनही कळतं. कसं कळतं? सिलिंडर तर काहीच सांगत नाही. सांगतो तो माणूस.

नोकरीला लागल्यावर माझी पहिली मोठी परीक्षा नेमकी हीच होती. मुंबईतल्या एका स्टुडिओत मी शिकाऊ थ्रीडी अॅनिमेटर होते. आमच्या सरांनी एक साधा पुतळा दिला, चेहरा नाही, कपडे नाहीत, आणि एक सिलिंडर. म्हणाले, "दोन शॉट कर. एकात हा भरलेला उचलतोय, दुसऱ्यात रिकामा. सिलिंडरवर काही लिहायचं नाही." मला वाटलं, सोप्पं आहे! भरलेला म्हणजे हळू, रिकामा म्हणजे भरभर. रिकामा वीस फ्रेममध्ये उचलला आणि भरलेल्याला बहात्तर फ्रेम दिल्या. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे पूर्ण तीन सेकंद. काँप्युटरने मधल्या सगळ्या फ्रेम छान गुळगुळीत भरून दिल्या. मी खूश.

सरांनी बघितलं आणि मॉनिटरवर अंगठा ठेवून सिलिंडर झाकला. "आता सांग, हा काय उचलतोय?"

मी बघितलं. तो माणूस काहीच उचलत नव्हता. स्विमिंग टँकच्या तळाशी उभं राहून सावकाश सरळ होत होता, बस्स. कंबर, खांदे, हात, सगळं एकाच वेळी सुरू होत होतं आणि एकाच वेळी थांबत होतं. "हळू म्हणजे जड नव्हे," सर म्हणाले, "हळू म्हणजे फक्त हळू." आणि मग त्यांनी मला जुन्या फिल्म्स बघायला लावल्या, अगदी सुरुवातीपासून. (तेव्हा ही शिक्षा वाटली होती.)

सुरुवातीच्या कार्टून्समध्ये वजन नावाची भानगडच नव्हती. हातपाय म्हणजे रबरी नळ्या, कोपर नाही, गुडघा नाही. आपल्या फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' मध्ये काड्या नाचवल्या होत्या. काड्यापेटीतल्या काडीला वजन नसतं, तिथे ते शोभतंही. पण १९२८ च्या 'स्टीमबोट विली'मध्ये बोटीवर क्रेनने एक गाय चढवायची आहे. गाय इतकी किडकिडीत की पट्ट्यात बसतच नाही, म्हणून मिकी तिच्या तोंडात गवत कोंबतो आणि ती फुगते. विनोद झकास आहे, आजही हसू येतं. पण गाय फुगल्याने जड झाली असं क्षणभरही वाटत नाही. फुगा आणि गाय यांत फरक फक्त शिंगांचा. पाच-सात मिनिटांच्या गमतीला ते चालून जात होतं. वॉल्ट डिस्नेच्या डोक्यात मात्र तासाभराहून मोठी फिल्म होती आणि ज्याला वजन नाही अशा पात्राची इतका वेळ काळजी कोण करणार? उंचावरून पडलं तर लागणार नाही, ओझं उचललं तर दमणार नाही.

तेव्हा आर्ट बॅबिट नावाचा एक अॅनिमेटर आपल्या घरी मॉडेल बोलावून सहकाऱ्यांसाठी चित्रकलेचे वर्ग भरवायचा. डिस्नेच्या कानावर गेल्यावर त्याने ते वर्ग स्टुडिओतच घ्यायला सांगितले. १९३२ च्या नोव्हेंबरात शुनार्ड कलाशाळेतले डॉन ग्रॅहॅम शिकवायला येऊ लागले. दिवसभर उंदीर-बदकं काढून दमलेली माणसं संध्याकाळी पुन्हा कागद घेऊन बसायची. पुढे त्यात हालचालींच्या अभ्यासाचा वर्गही आला: माणसाची फिल्म हळू चालवायची, थांबवायची, मागे न्यायची, आणि नेमकं काय आधी हलतं ते बघायचं.

या वर्गांबद्दल डिस्नेने २३ डिसेंबर १९३५ रोजी ग्रॅहॅमना एक लांबलचक टिपण पाठवलं. अॅनिमेटरला काय काय शिकवायला हवं याची ती जंत्रीच आहे, आणि त्यात एक परिच्छेद चक्क जड वस्तू उचलण्यावर आहे! मला तो वाचून फार मौज वाटली. एवढ्या मोठ्या स्टुडिओचा मालक, नाताळ दोन दिवसांवर आलेला, आणि हा विचारतोय की एखादा माणूस अवजड काही उचलत असताना बघणाऱ्याला काय वाटतं? आता काहीतरी तुटणार असं वाटतं का? तोंड जांभळं होणार, डोळे खोबणीतून बाहेर येणार, ताणलेला हात मोडणार असं वाटतं का? त्याचा रोख असा, की आधी उचलण्याची मूळ क्रिया नीट समजून घ्या आणि मग ही जी बघणाऱ्याची भावना आहे तिची अतिशयोक्ती करा. डोळे खरोखर बाहेर येत नाहीत हे त्यालाही माहीत होतं. पण येतील असं वाटणं खरं असतं, आणि काढायचं ते.

हे तो उगाच म्हणत नव्हता. खऱ्या हालचालीची नक्कल हा दुसरा रस्ता तेव्हा उपलब्ध होताच. मायब्रिजने १८८७ साली माणसांच्या आणि जनावरांच्या हालचालींचे ७८१ तक्ते छापले होते. त्यांत जड दगड उचलून फेकणारा माणूसही आहे, एकामागून एक क्षणांत पकडलेला. अॅनिमेटर लोक ते तक्ते आजही उघडतात. शिवाय फिल्मवरून चित्र गिरवण्याचं रोटोस्कोप हे यंत्र मॅक्स फ्लायशरने केव्हाच काढलं होतं. पण डिस्नेच्या माणसांना अनुभव असा आला की फोटो जसाच्या तसा गिरवला की वजन कमी होतं. हे ऐकायला विचित्र वाटतं. फोटोत त्वचेखाली ताणलेले स्नायू असतात, कापडाच्या चुण्या असतात, सावल्या असतात. गिरवताना उरते फक्त बाहेरची रेघ, आणि त्या रेघेत तेवढा ताण मावत नाही. मग पाठीचा बाक थोडा जास्त वाकवावा लागतो, थांबणं थोडं लांबवावं लागतं, तेव्हा कुठे ते खऱ्याइतकं दिसतं.

मला स्वतःला मात्र त्या वर्गांपेक्षाही एक साधी सोय जास्त महत्त्वाची वाटते. ती म्हणजे पेन्सिलची कच्ची चित्रं शाई-रंगाच्या आधीच फिल्मवर घेऊन छोट्या मूव्हिओला यंत्रावर बघणं. वजन एका चित्रात पुरतं दिसतच नाही. वाकलेल्या माणसाचं चित्र काढलं तर तो पोतं उचलतोय की रुपया शोधतोय? थोडा फरक बाकातून कळेल, पण खरं वजन दोन चित्रांच्या मधल्या वेळात असतं, आणि तो वेळ कागदावर दिसत नाही. चालवून बघावं लागतं, चुकलं तर चार चित्रं मध्ये घालावी लागतात, पुन्हा बघावं लागतं. स्टुडिओत ज्या कोंदट खोलीत डिस्ने हे कच्चं काम बघायचा तिचं नाव 'स्वेटबॉक्स' पडलं होतं. घाम कुणाचा, ते सांगायला नको.

या सगळ्याचं फळ मला दिसतं ते १९३६ च्या 'मूव्हिंग डे'मध्ये. भाडं थकल्यामुळे मिकी आणि डोनाल्डवर घरातून निघायची वेळ आली आहे आणि बर्फवाला गूफी मदतीला येतो. त्याला एक पियानो गाडीत चढवायचा आहे. गूफीचा हा सगळा भाग आर्ट बॅबिटने केला, तोच घरी वर्ग भरवणारा. गूफी पियानो गाडीत ढकलतो, हात झटकतो, पाठ वळवतो, आणि पियानो घरंगळत परत घरात. पुन्हा तेच. गंमत अशी की पियानो जिवंत असल्यासारखा वागतो, पण ती गंमत उभी राहते ती पियानो खरंच जड वाटतो म्हणून. गूफीचं लांबलचक ढिलं अंग त्याला टेकतं, रेटतं, आणि पियानो हलायच्या आधी गूफीच सगळा लांब होतो. आठ वर्षांपूर्वीच्या त्या गाईशेजारी हा पियानो ठेवून बघा. यूट्यूबवर दोन्ही सापडतील.

आणि मग १९३८ चा 'ब्रेव्ह लिटल टेलर', त्यातला राक्षस बिल टिटलाने केलेला. हा राक्षस घरावर खुर्चीसारखा बसतो आणि अख्खी विहीर उचलून पेल्यासारखी पितो. इथे उलटा हिशेब आहे. विहीर उचलताना त्याला काहीच कष्ट होत नाहीत, म्हणून विहीर हलकी वाटत नाही, तर राक्षस प्रचंड वाटतो! पण त्यासाठी स्वतःचं अंग वागवताना मात्र त्याला वेळ लागावा लागतो. तो बसतो तेव्हा ते सगळं मांस खाली पोचायला वेळ घेतं. बाहेरच्या वस्तूचं नसलेलं वजन टिटलाने त्याच्या स्वतःच्या अंगात ठेवलं आहे. हनुमान द्रोणागिरी उचलतो तेव्हा आपल्या फिल्मवाल्यांची नेमकी हीच पंचाईत होते. कष्ट दाखवले तर हनुमान लहान होतो, नाही दाखवले तर पर्वत थर्मोकोलचा होतो.

असो. सरांच्या अंगठ्याकडे परत येते.

त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती तोलाची. माणूस उभा असतो तेव्हा त्याच्या वजनाचा मध्य पावलांच्या वर कुठेतरी असावा लागतो, नाहीतर तो पडेल. हातात काही घेतलं की माणूस आणि वस्तू मिळून एकच वजन होतं आणि त्या एकत्र वजनाचा मध्य पावलांवर यावा लागतो. सत्तर किलोचा माणूस तीस किलोचा सिलिंडर दोन्ही हातांनी पोटासमोर धरतो असं समजा, आणि त्याच्या शरीराच्या मध्यापासून सिलिंडरचा मध्य पस्तीस सेंटिमीटर पुढे आहे. मग एकूण शंभर किलोत सिलिंडरचा वाटा तीस, म्हणून त्याला स्वतःला पस्तिसाच्या तीस टक्के, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर मागे जावं लागतं. जवळजवळ अर्धी वीत. रिकामा पंधरा किलोचा असेल तर हाच हिशेब सहा सेंटिमीटरवर येतो. अर्धी वीत आणि चार बोटं यांतला हा फरक सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही, पण बघणाऱ्याचा डोळा तो आपोआप करतो. माझा पुतळा दोन्ही शॉट्समध्ये सरळसोट उभा होता. म्हणजे खरं तर तो तोंडावर पडायला हवा होता.

एका हाताने कडं धरून उचललं तर तेच आडवं होतं. सिलिंडर उजव्या हातात, तर कंबर डावीकडे, उजवा खांदा खाली, डावा वर आणि मोकळा डावा हात बाजूला पसरलेला. गॅसवाल्याचा तो पसरलेला हात बघा कधी. तो तोल सांभाळतोय, ऐट नाही मिरवत.

दुसरी गोष्ट म्हणजे तयारी. इथे मला माझे सगळे बहात्तर फ्रेम फेकून द्यावे लागले. सर म्हणाले, उचलायला किती वेळ लागतो ते विसर, उचलायच्या आधी तो काय करतो ते सांग. वस्तू जड आहे हे माणसाला ती उचलण्याआधीच माहीत असतं आणि त्याचं शरीर त्याप्रमाणे वागायला लागतं. रिचर्ड विल्यम्सच्या पुस्तकातही मला पुढे हेच सापडलं. हे पुस्तक २००१ साली आलं आणि आमच्या स्टुडिओत त्याची एकच प्रत होती, पानं सुटलेली. विल्यम्सने १९७३ साली आपल्या लंडनच्या स्टुडिओत शिकवायला कुणाला बोलावलं होतं? आर्ट बॅबिटला! पियानोवाला बॅबिट. म्हणजे सरांचा अंगठा काही फार लांबून आला नव्हता. खरं तर त्याआधीच दुसऱ्या वाटेनेही हे मुंबईत पोचलं होतं. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले होते, राम मोहन त्यांच्याकडेच शिकले. आमच्या सरांनी हे सगळं कुणाकडून घेतलं ते मी कधी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

तर मी पुन्हा बसले. स्वतः सिलिंडर उचलून बघितला, बहिणीला उचलायला लावला, (ती अजून बोलून दाखवते) आणि हँडीकॅमवर शूट केलं. मग असं ठरलं. आधी बारा फ्रेम तो नुसता बघतो. मग चौदा फ्रेम पावलं जुळवायला: सिलिंडरच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना, कारण लांब उभं राहून जड वस्तू उचलताच येत नाही. सोळा फ्रेममध्ये गुडघे आणि कंबर वाकवून खाली. मग सहा फ्रेम अशा की ज्यांत बाहेरून काहीच घडत नाही, फक्त कोपरं सरळ होतात आणि खांदे खाली ओढले जातात. दोरीतली ढील निघावी तसं. ही ढील काढल्याशिवाय सिलिंडर एक मिलिमीटरही हलता कामा नये. माझ्या पहिल्या शॉटमध्ये हात वाकलेलेच होते आणि सिलिंडर वर येत होता, म्हणजे तो मनाने येत होता.

त्यानंतर दहा फ्रेम पहिला प्रयत्न. कंबर वर येते, पाठ ताणते, मान आत जाते आणि सिलिंडर जागच्या जागी. मग सहा फ्रेम पुन्हा थोडं खाली, श्वास घेऊन. आणि आता बावीस फ्रेममध्ये खरं उचलणं. पण हे बावीस सारखे वाटायचे नाहीत. पहिल्या चार-पाच फ्रेममध्ये सिलिंडर जेमतेम जमीन सोडतो, मग वेग धरतो, गुडघ्यांपाशी सर्वांत वेगात असतो आणि वर येताना पुन्हा मंद होतो. क्रम असा की आधी कंबर, मग छाती, मग खांदे, मग हात आणि सगळ्यांत शेवटी सिलिंडर. थांबताना उलटं, कंबर थांबली तरी सिलिंडर थोडा पुढे जाऊन परत येतो, आणि ते सावरायला शेवटचे आठ फ्रेम, त्यात एक पाऊल अर्धा इंच सरकतं.

बेरीज केली तर चौऱ्याण्णव फ्रेम, चार सेकंदांना थोडे कमी. त्यांत सिलिंडर धड हलतो ते बावीस. म्हणजे चारातले तीन सेकंद तो नुसता बसून आहे, आणि जड वाटतो तो त्या तीन सेकंदांमुळेच. माझ्या आधीच्या शॉटमध्ये तो बहात्तरच्या बहात्तर फ्रेम हलत होता!

काँप्युटरवर काम करणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. (बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, काकू.) नवशिके सिलिंडर हाताला जोडतात आणि हात हलवतात. मग हात नेतील तसा सिलिंडर जातो, हात किंचित थरथरला तर तोही थरथरतो, आणि तीस किलोचं लोखंड पिशवीसारखं लोंबतं. मी उलटं करायला शिकले. आधी फक्त सिलिंडरची हालचाल करायची, तो मालक, आणि हात त्याला चिकटवायचे. मग शरीराने काय वाटेल ते करून त्या हातांपर्यंत पोचायचं. असं केलं की खांदे आपोआप ओढले जातात. आणि ग्राफ एडिटरमध्ये काँप्युटरने दिलेली ती सुबक, दोन्हीकडून सारखी वळणारी रेघ दिसली की ती मोडायची. प्रत्येक अवयवाची रेघ दोन-चार फ्रेम पुढेमागे सरकवायची. पोहणं तिथे थांबतं.

एक चूक मात्र मी तरीही केलीच. शॉटच्या शेवटी तो सिलिंडर खाली ठेवताना हात सुटतो असं दाखवायचं होतं. जड आहे म्हणून मी तो भरलेल्या शॉटमध्ये जास्त वेगाने पाडला. शाळेतला गॅलिलिओ विसरले! तीस सेंटिमीटरवरून काहीही सोडलं तरी जमिनीवर पोचायला पाव सेकंद, म्हणजे सहा फ्रेम लागतात, भरलेला असो की रिकामा. आणि ते सहा फ्रेमही सारख्या अंतराचे नाहीत. पहिल्या फ्रेममध्ये एक सेंटिमीटरसुद्धा नाही, शेवटच्या एकाच फ्रेममध्ये नऊ. फरक पडल्यानंतर दिसतो. रिकामा थोडा उडतो, कडेवर गोल फिरत खणखणतो. भरलेला ढप्प करून बसतो आणि उडतो तो माणूस, कारण मागे झुकवलेलं अर्धी वीत शरीर आता कशाच्या विरुद्ध झुकलेलं आहे? त्याला एक पाऊल मागे टाकावंच लागतं.

तो शॉट तिसऱ्या आठवड्यात पास झाला. सरांनी अंगठा ठेवला, बघितलं, काढला, पुन्हा ठेवला. "भरलेला," म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

तर परवाचा रविवार. बाबा गॅलरीत पोचले आणि सिलिंडरसमोर उभे राहिले. बघत. बारा फ्रेम कधीच झाले, चोवीस झाले, तरी बघतच होते. लहानपणापासून मी त्यांना सिलिंडर आणताना बघत आले आहे. एका हाताने कडं धरायचे, थोडा तिरपा करायचे, आणि बोलता बोलता आत यायचे. बघणं वगैरे भानगडच नसायची, नजर आईकडे आणि तोंड चालू. परवा ते गप्प होते. उजवा पाय पुढे केला, मागे घेतला, डावा पुढे केला. डावा हात कठड्यावर गेला. वाकले, आणि हात कड्यापर्यंत पोचल्यावर तिथे थांबले. ढील काढायच्या सहा फ्रेमच्या जागी मी तीस मोजले आणि मोजणं सोडून दिलं. पहिला प्रयत्न झाला. सिलिंडर हलला नाही. त्यांनी चटकन माझ्याकडे बघितलं, आणि मी चटकन गॅसच्या शेगडीकडे.

दुसऱ्या प्रयत्नात उचलला त्यांनी. आत आणून ठेवलासुद्धा, ठेवला म्हणजे शेवटची चार बोटं सोडलाच. ढप्प. आणि ते एक नाही, दोन पावलं मागे गेले आणि ओट्याला टेकले.

"हल्ली गॅस कमी भरतात वाटतं," बाबा म्हणाले. "अगदीच हलका लागला."

मी रेग्युलेटर बसवला. चहा पुन्हा ठेवला. येताना खाली चाकं असलेलं एक स्टँड ऑर्डर केलंय, शुक्रवारपर्यंत येईल. आई, तू हे वाचशीलच, तर त्यांना सांग की ते ऑफरमध्ये फुकट मिळालं.